अंडरफ्लोअर हीटिंगमध्ये एखादी खोली गार राहते तेव्हा: आधी लूप धुवायचे, मग पाणी वाटायचं

डिसेंबरमध्ये पुण्यात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला की मला एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. हॉल गरम आहे, बाथरूमची फरशी तर चटका बसेल इतकी तापलीय, पण एक खोली गारच. फोन करण्याआधी बहुतेकांनी तीन गोष्टी केलेल्या असतात: हीट पंपाचं तापमान वाढवलेलं असतं, सर्क्युलेशन पंपाचा स्पीड वाढवलेला असतो आणि मॅनिफोल्डवरचे, म्हणजे प्रत्येक खोलीच्या पाइपात पाणी वाटणाऱ्या नळीवरचे, सगळे फ्लो मीटर पूर्ण उघडलेले असतात. या तिन्हींनी गार खोली गारच राहते, फक्त वीजबिल वाढतं. तिसऱ्या गोष्टीने तर त्रास आणखी वाढतो. तो कसा, ते पुढे येईलच.

हा लेख पाण्यावर चालणाऱ्या सिस्टिमबद्दल आहे. म्हणजे कोब्यात १६ मिलिमीटरचे पेक्स पाइप, एक मॅनिफोल्ड आणि पाणी गरम करायला हीट पंप. इलेक्ट्रिक वायर किंवा मॅट टाकलेली असेल तर यातलं काहीच लागू होत नाही.

उदाहरणासाठी पाषाणमधला एक बंगला घेतो. गेल्या हिवाळ्यात तिथे मी दोन दिवस काम केलं. लूप, म्हणजे मॅनिफोल्डवरून निघून फरशीखाली फिरून परत तिथेच येणारे पाइप, सहा होते आणि त्यातले दोन गार: एक हॉलचा, एक आजींच्या खोलीचा. तक्रार दोन्हींची एकच, पण कारणं अगदी वेगळी निघाली.

## टप्पा १: खोली नक्की कशामुळे गार आहे ते ठरवा

सिस्टिम किमान सहा तास सलग चालू ठेवा. कोबा जाड असतो, तो तासाभरात तापत नाही. सकाळी सातला सुरू करून नऊला "अजून गार आहे" म्हणण्यात अर्थ नाही. सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट शेवटपर्यंत वाढवून ठेवा, म्हणजे कुठलाही लूप थर्मोस्टॅटने बंद केलेला नसेल.

मग मॅनिफोल्डचं दार उघडा आणि गार खोलीच्या लूपचे दोन्ही पाइप हाताने तपासा, जाणारा आणि परत येणारा.

दोन्ही गार असतील तर पाणी फिरतच नाहीये. जाणारा गरम आणि परतीचा थंडगार असेल तर पाणी फिरतंय, पण फार हळू. दोन्ही चांगले कोमट असूनही खोली गार असेल तर पाण्याचा दोष नाही. मग फरशीवर काय आहे ते बघा. जाड गालिचा, जमिनीवर अंथरलेली गादी किंवा तळाला टेकलेलं कपाट उष्णता वर येऊ देत नाही. अशा ठिकाणी मॅनिफोल्डवर कितीही खटपट केली तरी ती वाया जाते.

आणखी एक खूण आहे. खोलीत अनवाणी चाला. एका बाजूने ऊब हळूहळू कमी होत गेली तर प्रवाह कमी आहे. मधेच एक ठरावीक तुकडा गार आणि आजूबाजूला सगळं उबदार असेल तर बहुधा तिथे पाइपच नाही.

तपासणी: थर्मोस्टॅट एकेक करून बंद करा आणि मॅनिफोल्डवर कुठला ॲक्च्युएटर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून लूपचा व्हॉल्व्ह उघडणारी-मिटवणारी टोपी, बंद होतो ते बघा. ॲक्च्युएटरला तीन-चार मिनिटं लागतात, घाई करू नका. दोन खोल्यांच्या वायरी अदलाबदल झाल्याचं मी अनेकदा पाहिलंय. एका खोलीचा थर्मोस्टॅट दुसरीच खोली तापवत असतो आणि घरातले वर्षभर गाळाला दोष देत असतात.

## टप्पा २: अडकलेली पिन

आपल्याकडे ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. पुण्यात सिस्टिम दोन-तीन महिने चालते आणि उरलेले नऊ महिने बंद असते. त्या काळात परतीच्या बाजूच्या व्हॉल्व्हची पिन खाली दाबलेलीच राहते आणि तिथेच चिकटून बसते.

ॲक्च्युएटर हाताने फिरवून किंवा खटका दाबून काढा. खाली छोटी धातूची पिन दिसेल. पान्याच्या सपाट बाजूने ती दाबा. ती तीन-चार मिलिमीटर आत जाऊन स्प्रिंगने झटकन वर यायला हवी. आत गेली आणि आतच राहिली, किंवा आळसावल्यासारखी अर्धीच वर आली, तर ती अडकली आहे. बाजूने हलकेच ठोका, सिलिकॉन स्प्रेचा एक थेंब सोडा आणि वीस-पंचवीस वेळा दाबून सोडा.

सावधान: पकडीने पिन वर ओढू नका. ती निघून आली तर तिथून पाणी उडतं आणि अख्खं इन्सर्ट बदलावं लागतं.

आजींच्या खोलीची पिन अर्धीच वर येत होती. ती मोकळी केली तरी खोली गरम झाली नाही. पिन अर्धी अडकल्याने त्या लूपमधलं पाणी दोन हिवाळे अगदी संथ वाहत होतं, आणि गाळ नेहमी संथ पाण्यातच बसतो. म्हणजे पिन हे मूळ कारण होतं, पण तोवर पाइपात गाळ जमलेला होता.

## टप्पा ३: धुण्याची तयारी

ही तयारी नीट झाली तर पुढचं काम सोपं जातं. हाताशी एवढं ठेवा: दोन बागेचे पाइप, दहा लिटरची खूण असलेली बादली, एक पांढरा वाडगा, एक लोहचुंबक, मास्किंग टेप, मार्कर, मोबाइलचं स्टॉपवॉच, दोन पाने आणि जुनी फडकी.

आधी प्रत्येक लूपची लांबी काढा. त्यासाठी नकाशा लागत नाही. पेक्स पाइपावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. मॅनिफोल्डजवळ जाणाऱ्या टोकाचा आणि परतीच्या टोकाचा आकडा वाचा, फरक म्हणजे लांबी. टॉर्च तिरपा धरला की आकडा दिसतो. पाषाणच्या घरातल्या लांब्या अशा निघाल्या: हॉलचे दोन लूप ९२ आणि ८६ मीटर, मोठी बेडरूम ७४, आजींची खोली ६८, अभ्यासिका ६०, बाथरूम २६. प्रत्येक पाइपाला टेप लावून त्यावर खोली आणि लांबी लिहा.

आता पाण्याच्या दाबाचं बघू. ९२ मीटरच्या लूपमधून गाळ उचलून आणायचा तर मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी जायला हवं आणि त्यासाठी साधारण एक बार दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्यावर जेमतेम तेवढाच मिळतो, वरच्या मजल्यावर तोही नाही. नळ जोडून "धुऊन झालं" म्हणणाऱ्यांचं इथेच फसतं. पाणी येतं, गाळ जागचा हलत नाही. घरात प्रेशर पंप असेल तर त्याच्या लाइनचा नळ वापरा. नसेल तर मोठ्या ड्रममध्ये पाणी भरून छोटी मोटर लावा. दाब तीन बारच्या आतच ठेवा.

धुण्यासाठी बोअरचं पाणी चालेल. शेवटी भरायचं पाणी मात्र कमी क्षाराचं हवं.

## टप्पा ४: मॅनिफोल्ड वेगळा करा

हीट पंप आणि सर्क्युलेशन पंप बंद करा, मेन स्विचही पाडा. नंतर मॅनिफोल्ड आणि हीट पंप यांच्यामधले दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करा.

सावधान: हे व्हॉल्व्ह उघडे राहिले तर लूपमधून सुटलेला गाळ हीट पंपाच्या प्लेट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतो. त्याच्या फटी अगदी बारीक असतात. फरशी साफ होईल आणि हीट पंप तुंबेल.

वीज बंद झाली की बहुतेक ॲक्च्युएटर आपोआप बंद स्थितीत जातात. म्हणून सगळे ॲक्च्युएटर काढून ठेवा. नाहीतर अर्धा तास पाणी सोडूनही लूपमधून थेंब येणार नाही आणि तुम्हाला वाटेल पाइप पूर्ण तुंबलाय.

एक पाइप जाणाऱ्या बाजूच्या टोकाला असलेल्या भरण्याच्या कॉकला जोडा, दुसरा परतीच्या बाजूच्या कॉकला. दुसऱ्याचं टोक बादलीत. आता सगळे लूप बंद करा: जाणाऱ्या बाजूला फ्लो मीटरच्या रिंगने, परतीच्या बाजूला हाताच्या प्लास्टिक टोपीने.

## टप्पा ५: बादलीची चाचणी

एका वेळी एकच लूप पूर्ण उघडा. पाणी सोडा, धार स्थिर झाली की बादली दहा लिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजा. सगळे लूप एकसारख्या दाबावर मोजा आणि लिहून ठेवा.

या चाचणीचं तर्कशास्त्र साधं आहे. दाब सारखा असेल तर लांब लूपमधून पाणी कमी येणार, आखूड लूपमधून जास्त. हा क्रम जिथे मोडतो तिथे अडथळा आहे.

पाषाणला हॉलच्या ९२ मीटरच्या लूपने बादली १ मिनिट ४५ सेकंदांत भरली. बाथरूमला सुमारे एक मिनिट. आजींचा लूप ६८ मीटरचा, म्हणजे हॉलपेक्षा लवकर भरायला हवा होता. त्याला लागली ८ मिनिटं. म्हणजे आजींचा लूप तुंबलेला होता आणि हॉलचा लूप स्वच्छ होता, त्याला फक्त वाट्याचं पाणी मिळत नव्हतं. एकाला धुवायचं होतं आणि दुसऱ्याला फक्त बॅलन्स करायचं होतं. ही चाचणी न करता थेट फ्लो मीटर फिरवत बसलं असतं तर दोन्ही बिघाड एकमेकांत मिसळून गेले असते.

पहिलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्या आणि बाहेरून तळाला चुंबक लावा. काळा गाळ चुंबकाकडे सरकला तर तो मॅग्नेटाइट, म्हणजे सिस्टिममधल्या लोखंडाचाच झिजलेला भाग. पाणी तांबूस असेल तर ताजी हवा अजूनही आत येतेय. बुळबुळीत आणि कुबट वास असेल तर आत जिवाणूंचा थर धरलाय. ३५-४० अंशांचं पाणी आणि त्यापाठोपाठ नऊ महिने साचलेलं पाणी त्यांना मानवतं. अशा वेळी क्लीनरसोबत बायोसाइडही लागतं.

## टप्पा ६: गाळ काढा

प्रत्येक लूप वेगळा धुवा. सगळे एकदम उघडले तर पाणी सोप्या वाटेने, म्हणजे आखूड लूपमधून निघून जातं आणि तुंबलेल्याला कोणी विचारत नाही.

धार नितळ झाली तरी थांबू नका. पाणी दहा सेकंद बंद, मग एकदम चालू, असं सात-आठ वेळा करा. या झटक्यांनी तळाला बसलेला थर सुटतो. नितळ झालेली धार पुन्हा चहासारखी काळी होते तेव्हा समजायचं, काम होतंय.

एवढं करूनही बादलीची वेळ सुधारली नाही तर उलट्या दिशेने धुवा. पण मॅनिफोल्डच्या कॉकमधून उलटं पाणी सोडू नका. बरेच फ्लो मीटर उलट प्रवाहात बंद होतात, शिवाय सुटलेला गाळ थेट त्यांच्यात अडकतो. त्या लूपची दोन्ही टोकं मॅनिफोल्डपासून सोडवा आणि पाणी थेट परतीच्या टोकातून आत घाला. नट सोडताना एका पान्याने मॅनिफोल्डचा भाग घट्ट धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा. नाहीतर जोडच पिळला जातो.

आजींच्या लूपमधून उलट्या दिशेने तिसऱ्या झटक्याला जे बाहेर आलं ते पाणी म्हणवत नव्हतं. काळ्या शाईसारखा गोळा आला आणि पाठोपाठ पाइप कापताना पडलेला पेक्सचा नखाएवढा तुकडा. त्यानंतर बादलीला लागले १ मिनिट ३० सेकंद.

गाळ चिवट असेल तर सिस्टिम भरून तिच्यात अंडरफ्लोअर हीटिंगसाठीचा न्यूट्रल क्लीनर घाला, बाटलीवर सांगितलेला वेळ कोमट पाण्यावर फिरवा आणि पुन्हा लूपनिहाय धुवा. बाथरूम साफ करायचं ॲसिड अजिबात घालू नका. पितळ आणि रबरी सील दोन्ही जातात. क्लीनर मिसळलेलं पाणी बागेत सोडू नका.

इथे थांबायचं कधी: दोन्ही दिशांनी पाणी नितळ येतंय, पण बादलीची वेळ जराही सुधारत नाही, तर पाइप कुठेतरी दबला किंवा मुडपला आहे. तो धुऊन सुटणार नाही. फरशी फोडायच्या आधी थर्मल कॅमेऱ्याने जागा शोधून घ्या. अंदाजाने छिन्नी लावली तर चांगला पाइप फुटतो.

## टप्पा ७: फ्लो मीटर साफ करा आणि पुन्हा भरा

पंप बंद असताना प्रत्येक फ्लो मीटरचा काटा शून्यावर हवा. आजींच्या लूपचा काटा पंप बंद असतानाही १.२ दाखवत होता. तो गाळात चिकटला होता आणि आधीच्या माणसाने त्याच आकड्यावर विश्वास ठेवून "प्रवाह बरोबर आहे" असं सांगितलं होतं. लूप दोन्हीकडून बंद करून काच सोडवा, कोमट पाण्यात मऊ ब्रशने साफ करा आणि आतला ओ-रिंग जागेवर असल्याची खात्री करून बसवा.

भरताना पुन्हा एकेक लूपच घ्या. बाहेर जाणाऱ्या पाइपाचं टोक बादलीतल्या पाण्याखाली ठेवा. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तो लूप सोडू नका. हवेचा एक खिसाही संथ लूपला अडवायला पुरतो.

इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, किती लागेल ते पाण्यावर ठरतं. १६ मिलिमीटरच्या पाइपात मीटरला साधारण ०.११ लिटर पाणी मावतं. पाषाणच्या ४०६ मीटरमध्ये सुमारे ४५ लिटर आणि ५० लिटरची बफर टाकी धरून शंभरेक लिटर. पुष्कळ इनहिबिटर शंभर लिटरला एक लिटर या प्रमाणात असतात, तरी बाटली वाचूनच घाला. थंड असताना दाब १ ते १.५ बार ठेवा आणि भरण्याचा नळ बंद करा.

पाषाणला गाळ इतका का झाला याचं उत्तर याच नळात होतं. ऑटो-फिल कायम चालू होता आणि तो बोअरच्या लाइनला जोडलेला होता. एका जोडातून थेंबथेंब गळत होतं आणि दर थेंबाच्या बदल्यात ताजा ऑक्सिजन आणि क्षार आत येत होते. गळती बंद केली नसती तर दोन वर्षांत मी पुन्हा तिथेच गेलो असतो. परतीच्या लाइनवर, हीट पंपाच्या आधी, मॅग्नेटिक फिल्टरही बसवला. तो आठवड्याने आणि मग महिन्याने उघडून पुसायचा.

## टप्पा ८: आता पाणी वाटा

सगळे लूप पूर्ण उघडे असतील तर काय होतं ते पाषाणला स्वच्छ मीटरांवर दिसलं. २६ मीटरच्या बाथरूमला मिनिटाला २.१ लिटर मिळत होतं, ९२ मीटरच्या हॉलला जेमतेम १. बाथरूमला गरजेच्या चौपट, हॉलला निम्म्याच्या आसपास. म्हणून हॉल गार होता. गार लूप आणखी उघडून उपयोग नसतो, तो आधीच पूर्ण उघडा असतो. बॅलन्स करणं म्हणजे गरम लूप आवळणं.

किती आवळायचं? पाइप १५० मिलिमीटर अंतरावर असतील आणि जाणाऱ्या-परतीच्या पाण्यात पाच अंशांचा फरक ठेवायचा असेल तर पुण्याच्या थंडीला दर ५० मीटरला मिनिटाला एक लिटर ही चांगली सुरुवात आहे. ही सुरुवात आहे, अंतिम आकडा नाही. त्या हिशेबाने:

- हॉल ९२ मीटर: १.८
- हॉल ८६ मीटर: १.७
- मोठी बेडरूम ७४ मीटर: १.५
- आजींची खोली ६८ मीटर: १.३५
- अभ्यासिका ६० मीटर: १.२
- बाथरूम २६ मीटर: ०.५

ॲक्च्युएटर परत बसवा, सगळे थर्मोस्टॅट पूर्ण वाढवा आणि ॲक्च्युएटर उघडेपर्यंत पाच मिनिटं थांबा. पंप मधल्या स्पीडवर. सगळ्यात लांब लूप पूर्ण उघडा ठेवा आणि सगळ्यात आखूडपासून आवळत चला. एक लूप आवळला की उरलेल्यांचा प्रवाह वाढतो, म्हणून पहिल्या फेरीत कुठलाच आकडा टिकणार नाही. तीन फेऱ्या करा. तिसऱ्या फेरीनंतरही लांब लूपला पुरेसं मिळत नसेल तरच पंपाचा स्पीड एक पायरी वाढवा.

सावधान: इथे पोचल्यावर लगेच हात धुऊन घ्या आणि २४ तास मॅनिफोल्डला हात लावू नका. कोब्याचा प्रतिसाद तासांत येतो. तासातासाला फिरवत राहिलात तर तुम्ही कालच्या चुकीची दुरुस्ती आजच्या चुकीने करत राहाल.

## टप्पा ९: दुसऱ्या दिवशीची मोजणी

प्रत्येक परतीच्या पाइपाचं तापमान घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पितळेवर खोटं बोलतो, म्हणून पाइपावर मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि त्यावरच मोजा. सगळ्या परती एकमेकांपासून दोन अंशांच्या आत असतील तर बॅलन्स जमला.

पाषाणला जाणारं पाणी ३८ अंशांवर होतं आणि परती ३३ ते ३४ च्या दरम्यान. फक्त आजींच्या खोलीची ३१.५. त्यांच्या खोलीला दोन बाहेरच्या भिंती आणि उत्तरेला मोठी खिडकी, त्यामुळे तिथे उष्णता जास्त जाते. त्यांचा प्रवाह १.३५ वरून १.५ केला. एका वेळी ०.१ ते ०.२ लिटरपेक्षा जास्त बदलू नका आणि बदलल्यावर पुन्हा एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या संध्याकाळी आजी मोजे काढून खोलीत चालत होत्या आणि मला खिडकीपर्यंत नेऊन म्हणाल्या, "इथेसुद्धा बघ रे, पाय ठेव."

सगळे आकडे एका कार्डावर लिहून मॅनिफोल्डच्या दाराच्या आतून चिकटवा: लांबी, बादलीची वेळ, प्रवाह, परतीचं तापमान आणि तारीख. पुढच्या वर्षी एखादा आकडा घसरलेला दिसला तर कुठे बघायचं ते लगेच कळतं.

फेब्रुवारीत सिस्टिम बंद कराल तेव्हा पाणी काढून टाकू नका. रिकाम्या सिस्टिममध्ये हवा शिरते आणि गंज वेगाने चढतो. ती भरलेलीच ठेवा आणि उन्हाळा-पावसाळ्यात महिन्यातून एकदा हीटिंग न लावता पंप दहा मिनिटं चालवा. त्याच वेळी प्रत्येक थर्मोस्टॅट वर करून खाली आणा, म्हणजे पिना हलत्या राहतील.